सुगीच्या दिवसांत ओव्हरटाइम मागायचा झाला तर

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा निम्मा माणूस कारखान्याचा असतो आणि निम्मा शेताचा. येळ्ळूर, उचगाव, कडोली, देसूर, खानापूरकडची गावं, कुठूनही येणारा ऑपरेटर घ्या. पाच वाजता मशीन पुसून तो घरी जातो ते टीव्ही बघायला नाही. म्हशीची धार असते, आणि नोव्हेंबर असेल तर भाताची कापणी असते. पुण्या-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकांची घाईही नेमकी याच दिवसांत येते. म्हणून इथे 'दोन तास जास्त थांबा' असं म्हणताना आपण नक्की काय मागतो आहोत, हे आधी मोजावं लागतं.

मी वीसेक वर्षं मशीन शॉपमध्ये आहे, त्यातली बरीचशी सुपरवायझर म्हणून. जास्तीचं काम कसं मागू नये, हे मी स्वतः चूक करून शिकलो. तेव्हा ज्या कारखान्यात होतो तिथे एका नोव्हेंबरात मी सगळ्यांना गोळा करून म्हणालो, "दोन-तीन दिवस जरा ॲडजस्ट करा, नंतर बघू." दोन-तीन दिवसांचे तीन आठवडे झाले. आमच्या एका जुन्या ऑपरेटरनं भात कापून शेतात पसरून ठेवलं होतं. वाळलं की भारे बांधून मळणी करायची. आभाळ भरून आलं त्या संध्याकाळी तो माझ्या मशीनवर होता. रात्री पाऊस झाला, कापलेलं भात भिजलं, काळं पडलं आणि काही लोंब्यांना मोड आले. तो मला एका शब्दानं बोलला नाही. 'नंतर बघू' म्हटलेली रजा मी त्याला कधी दिली नाही, त्यानंही मागितली नाही. जानेवारीत तो दुसऱ्या कारखान्यात गेला. त्या पावसाची आठवण मला अजून टोचते. खाली लिहिलेली पद्धत त्यानंतर हळूहळू बसवलेली आहे, आणि गेल्या सुगीतल्या एका ऑर्डरवरून ती सांगतो.

आधी खड्डा मोजा

ऑर्डर होती हायड्रॉलिक ब्लॉकची, ४८० नग. फाउंड्रीकडून कास्टिंग उशिरा आलं आणि सोमवारी सकाळी हिशेब केला तेव्हा १९२ नग तयार होते. उरले २८८. रिजेक्शनसाठी १२ धरले तर ३०० बनवायला हवेत. माल पुढच्या सोमवारी सकाळी गाडीत चढायला हवा होता, म्हणजे हातात सोमवार ते शनिवार असे सहा दिवस.

अडकणारी जागा एकच होती, दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मिलिंगची मशीनं. एका नगाला लोडिंग धरून २४ मिनिटं. साडेआठ ते पाचच्या पाळीत जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी, सकाळची तयारी आणि शेवटची सफाई वगळली तर एका मशीनवर १८ नग निघतात. दोन मशीनचे ३६, सहा दिवसांचे २१६. खड्डा ८४ नगांचा.

हा आकडा काढल्याशिवाय माणसांकडे जाऊच नये. 'काम खूप आहे, सगळ्यांनी थांबा' असं म्हटलं की चोवीस माणसं थांबतात, आणि त्यातली वीस नुसती वाट बघतात, कारण खड्डा दोन मशीनपुरताच असतो. लेथवाल्याला उगाच थांबवलं तर त्याला ते लगेच कळतं. पुढच्या वेळी खरोखर गरज असली तरी तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

मग खड्डा माणसांशिवाय जेवढा भरेल तेवढा भरा

ही पायरी लोक वगळतात, कारण गिऱ्हाइकाला फोन करायचा संकोच वाटतो. कामगाराला विचारायचा मात्र वाटत नाही. मी मालकांना सांगितलं, आधी पुण्याला फोन करा आणि सरळ विचारा, सोमवारी ४८० च्या ४८० लागणार आहेत का? त्यांच्या लाइनला आठवडाभर पुरेल एवढा माल हवा होता. शेवटचे २४ नग बुधवारी चालतील, असं त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं. दहा मिनिटांत खड्डा ८४ वरून ६० वर आला.

दुसरं, ज्या कामाला कसब लागत नाही ते व्हीएमसी ऑपरेटरच्या हातून काढून घेतलं. चिप्स साफ करणं, नग पुसून ट्रेमध्ये लावणं हे काम दिवसा हेल्परकडे दिलं. त्यानं नग वाढले नाहीत, पण संध्याकाळी थांबणाऱ्याच्या कमरेला थोडा आराम मिळाला.

उरलेले ६० नग मात्र जास्तीच्या वेळेतूनच येणार होते. दोन तासांत एका मशीनवर पाच नग होतात, दोन मशीनचे दहा, सहा संध्याकाळी ६०. गणित नेमकं बसलं. रोज संध्याकाळी चार माणसं लागणार होती: दोन मशीनवर दोन, डीबरिंगला म्हणजे नगाच्या कडा घासायला एक, तपासणीला एक.

तीच चार माणसं सहाही दिवस थांबवायची नाहीत. आमच्याकडे दोन ऑपरेटर आहेत, शिवाय दोन सेटरना ती मशीनं चालवता येतात. डीबरिंग आणि तपासणीतही दोन-दोन माणसं आहेत. अशी आठ जणांची फळी केली आणि प्रत्येकाला एक आड एक दिवस मिळून तीनच संध्याकाळी दिल्या. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यात सहा तास आले. रविवार मागायचाच नाही असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. सुगीत रविवार हा शेताचा दिवस असतो, शेजारी-पाजारी आणि पै-पाहुणे त्या दिवशी कापणीला येतात. तो गेला की नुसता एक दिवस जात नाही, जुळवून आणलेली दहा माणसं जातात.

पैसे आणि वेळ, दोन्ही वेगळे

इथे मोठा घोळ होतो, म्हणून जरा थांबून लिहितो. 'ओव्हरटाइमचे पैसे घे नाहीतर बदली सुट्टी घे' असं बरेच लहान कारखानदार म्हणतात. कारखान्यातल्या कामगाराच्या बाबतीत हे चालत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाची मजुरी दुप्पट दरानं द्यायची असायची, आणि त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या नव्या कामगार संहितेतही दर दुप्पटच आहे. कामगाराची संमती घ्यावी, हेही त्याच संहितेत लिहिलेलं आहे. आपली पाळी आठ तासांची आणि आठवडा सहा दिवसांचा, म्हणजे ४८ तास पाळीतच भरतात. पुढचा प्रत्येक तास डबल.

मग परत द्यायचा वेळ कशासाठी? पैशानं दोन तासांच्या श्रमाची किंमत मिळते. पण ज्या संध्याकाळी घरी असायला हवं होतं, ती संध्याकाळ पैशानं परत येत नाही. म्हणून वेळ हा डबल पगाराच्या वर असतो, त्याच्या बदल्यात नाही. आणि तो तुकड्यांत देऊन उपयोग नाही. 'उद्या अर्धा तास उशिरा ये' यानं शेतातलं कुठलंच काम होत नाही. सहा तास घेतले तर पगारी रजेचा पूर्ण एक दिवस द्यायचा, आणि तो त्याच्या हक्काच्या रजेतून कापायचा नाही.

खर्च मालकांपुढे कागदावर मांडला. आमच्या त्या आठ जणांची सरासरी रोजची मजुरी ७०० रुपये, म्हणजे तासाला साडेसत्त्याऐंशी, डबल १७५. आठ जणांचे ४८ तास, ८,४०० रुपये. खाणं आणि घरी सोडायची गाडी मिळून दर माणशी दर संध्याकाळी १५० धरले, त्याचे ३,६००. आठ दिवसांच्या पगारी रजा, ५,६००. एकूण १७,६००. मालक आधी रजेच्या रकमेवर अडले. मी त्यांना म्हणालो, "हे आत्ता मंजूर करत नसाल तर मी माणसांना विचारणार नाही, कारण मी त्यांना खोटं सांगू शकत नाही." सुपरवायझरनं हे बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं. जे देणं मंजूर झालेलं नाही त्याचं आश्वासन कामगाराला देऊ नये.

विचारायचं कसं

सोमवारी दुपारी चहाच्या वेळी, मशीन बंद असताना, आठही जणांना एकत्र बोलावलं. जे बोललो ते साधारण असं होतं:

"कास्टिंग उशिरा आलंय, त्यात तुमची काही चूक नाही. पुण्याला फोन करून चोवीस नग पुढं ढकललेत. तरी साठ नग कमी पडतात. त्यासाठी आजपासून शनिवारपर्यंत रोज चार जण साडेसातपर्यंत लागतील. प्रत्येकाला तीन संध्याकाळी, त्याहून जास्त नाही. रविवार नाही. सुगी चालू आहे हे मला ठाऊक आहे, तुमची संध्याकाळ आत्ता महाग आहे. डबल पगार या महिन्याच्या पगारातच, वेगळ्या ओळीत दिसेल. वर प्रत्येकाला एक पूर्ण पगारी दिवस, डिस्पॅचनंतर दोन आठवड्यांच्या आत, तारीख तुम्ही सांगायची. पाच वाजता खाणं, साडेसातला गाडी. ज्याला जमणार नाही त्यानं नाही म्हणा, कारण सांगायची गरज नाही. आत्ता इथं कुणी उत्तर देऊ नका. मी प्रत्येकाकडे येतो."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. चारचौघांत विचारलं की आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. एकानं मान हलवली की दुसऱ्याला लाज वाटते. म्हणून माहिती सगळ्यांना एकदम द्यायची आणि उत्तर एकेकट्याकडून, त्याच्या मशीनपाशी जाऊन घ्यायचं. आमच्या आठांत दोघे घरी कानडी बोलणारे आहेत. त्यांच्याशी मी कानडीतच बोललो. मराठीतून त्यांना कळतं, पण घरची अडचण माणूस घरच्या भाषेत जास्त मोकळेपणानं सांगतो. आणि दुसऱ्याच्या तोंडून कळलेली अट अर्धवट कळते.

एकेकट्यानं विचारल्यावर जे कळलं ते घोळक्यात कधी कळलं नसतं. सगळ्यात ज्येष्ठ ऑपरेटरना आम्ही मामा म्हणतो. ते म्हणाले, "थांबतो की, खरं गुरुवार नको. मळणीचं मशीन गुरुवारी मिळालंय." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', बाहेरून आलेले नवे सुपरवायझर इथे हमखास चुकतात आणि पुढचा अडचणीचा भाग ऐकतच नाहीत.) मामांचा दिवस बदलला. तपासणीतल्या मुलीनं सांगितलं, साडेसात चालेल, पण गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत यायला हवी, मुख्य रस्त्यावर सोडून चालणार नाही. ते मान्य केलं, आणि तिला सगळ्यात आधी सोडायचं ठरलं. एका सेटरनं नाही म्हटलं. मी "बरं" म्हणालो आणि पुढच्या माणसाकडे गेलो. 'का रे?' नाही, 'बघ जरा' नाही. त्याच्या तीन संध्याकाळी भागवायला प्रोग्रॅमिंगच्या मुलाला मशीनवर आणलं. त्यालाही तेच पैसे आणि तोच दिवस.

नाही म्हणणाऱ्याचं नाव कुठेही लिहायचं नाही, आणि पगारवाढीच्या वेळी त्याचा उल्लेखही करायचा नाही. असं एकदा जरी झालं तरी पुढच्या वेळचे सगळे होकार भीतीपोटी मिळालेले असतात.

फळ्यावर तारीख आधी, काम नंतर

पहिल्या संध्याकाळचं काम सुरू होण्याआधी फळ्यावर तक्ता आखला. नाव, थांबायचे तीन दिवस, आणि परतीच्या रजेची तारीख. तिन्ही रकाने त्याच दिवशी भरले. रजेची तारीख नंतरसाठी मोकळी ठेवली की ती मोकळीच राहते, कारण डिस्पॅच झाल्यावर दुसरी घाई येऊन उभी असते. दोन ऑपरेटर एकाच दिवशी रजेवर नसतील एवढीच अट आमची, बाकी तारीख त्यांची. बहुतेकांनी कापणीचे किंवा मळणीचे दिवस घेतले. एकानं भात निघाल्यावर मसूर पेरायचा दिवस धरला.

आणि ज्या दिवशी फळ्यावर रजा लिहिली, त्याच दिवशी पुढच्या ऑर्डरच्या प्लॅनिंगमधून तेवढे नग कमी केले. एक ऑपरेटर नाही म्हणजे त्या दिवशी सेटर मशीनवर, म्हणजे सेटिंगची कामं नाहीत. हे आधी न मांडता दिलेली रजा ऐन वेळी मागे घ्यावी लागते, आणि मागे घेतलेली रजा कधीच न दिलेल्या रजेपेक्षा वाईट.

त्या सहा संध्याकाळी

पाच ते साडेपाच खाणं आणि पूर्ण विश्रांती. ही अर्ध्या तासाची सुट्टी खाऊन काम सुरू करायचा मोह होतो, कारण त्यात आणखी एक नग बसतो. तो नग बहुधा तपासणीत परत येतो. साडेपाचला मशीन सुरू, साडेसातला शेवटचा नग काढला की गाडी. एखादा नग अर्ध्यात असला तर सकाळसाठी ठेवायचा. साडेसात म्हणजे साडेसात. सातच्या पुढे गावाकडची बस चुकली की वडापसाठी रस्त्यावर तासभर उभं राहावं लागतं, म्हणून आम्ही गाडी धरली होती.

मीही सहाही संध्याकाळी थांबलो. माणसं थांबलेली असताना सुपरवायझरनं पाचला निघून जाणं बरोबर नाही.

थकवा चेहऱ्यावर दिसण्याआधी मालात दिसतो. बोअरचं माप हळूहळू एका बाजूला सरकतं, कारण इन्सर्टची, म्हणजे हत्याराच्या कापणाऱ्या तुकड्याची, धार गेली तरी 'अजून एक नग निघेल' म्हणून तो बदललेला नसतो. प्लग गेज लावायचं राहून जातं आणि तक्त्यात मात्र टिकमार्क असतो. म्हणून जास्तीच्या वेळेतले नग वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि दहाच्या दहा तपासायचे. इन्सर्ट साडेपाचला नवा लावूनच सुरुवात करायची, दुपारचा चालवायचा नाही. माझी अट अशी होती की लागोपाठ दोन संध्याकाळी दहातले दोन-दोन नग नापास झाले तर ओव्हरटाइम बंद, आणि गिऱ्हाइकाला दुसरा फोन. ही अट मालकांनाही आधीच सांगून ठेवली होती, कारण ऐन वेळी ती घालता येत नाही.

गुरुवारी एक मशीन कूलंटच्या पंपामुळे अडलं आणि दोन नग कमी झाले. साठाऐवजी अठ्ठावन्न. ते भरून काढायला शनिवारी अर्धा तास वाढवूया का, असं मालकांनी विचारलं. मी नाही म्हणालो, कारण रिजेक्शन बाराऐवजी नऊवरच थांबलेलं होतं. २१६ आणि ५८ मिळून २७४, त्यातले नऊ गेले, २६५ चांगले. लागणार होते २६४. सोमवारी ४५६ नग गाडीत चढले, उरलेले २४ बुधवारी, साध्या पाळीत बनवून.

नंतर

डिस्पॅचच्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांना आकडे सांगितले, आणि कास्टिंग पुन्हा उशिरा येऊ नये म्हणून काय केलं तेही सांगितलं. फाउंड्रीला आता पहिली खेप दहा दिवस आधी मागतो. हे सांगणं गरजेचं असतं, कारण दर दोन महिन्यांनी तोच खड्डा पडत असेल तर तो माणसांनी भरायचा नसतो. वर्षात तिसऱ्यांदा ओव्हरटाइम मागायची वेळ आली तर माणसांकडे न जाता मालकांकडे जा आणि आणखी एक ऑपरेटर घ्यायला सांगा.

रजेच्या तारखा आल्या तेव्हा दोघांनी त्या बदलून मागितल्या. एकाचं भात उशिरा पिकलं, एकाच्या गावची जत्रा पुढे गेली. कामगारानं मागितलेला बदल द्यायचा. आम्हाला बदल हवा असता तर विचारून, आणि नाही म्हटलं तर त्याच तारखेला सोडायचं. प्रत्येकाची रजा झाली की फळ्यावर त्याच्या नावापुढे त्यानं स्वतः खूण करायची, मी नाही. सगळ्या खुणा पुऱ्या होईपर्यंत तक्ता पुसायचा नाही.

त्या वेळी एक गोष्ट पहिल्यांदाच घडली, म्हणून नियमात घातली. प्रोग्रॅमिंगच्या मुलाला दुसरीकडे नोकरी लागली आणि त्याचा एक दिवस घ्यायचा राहिला होता. त्याच्या शेवटच्या हिशेबात त्या दिवसाचा पगार वेगळा लिहून दिला, आणि फळ्यावर त्याच्या नावापुढची खूण त्यानं जाताना केली.